प्रति: गो-लाइव्ह फसलं, बोटं माझ्याकडे

> टेस्टिंग कमी करा असं मॅनेजर तोंडी म्हणाला होता, आता कानावर हात ठेवतोय. उद्या मीटिंग आहे. काय करू?

आज रात्री एका पानावर घटनाक्रम लिहा: तारीख, काय ठरलं, कोण हजर होतं, पुरावा काय. पुरावा नसेल तिथे सरळ 'तोंडी, फोनवर' लिहा. कॅलेंडरमधली मीटिंग आणि त्यानंतर बदललेलं टेस्टिंगचं वेळापत्रक, एवढ्यानेही बरंच जुळतं. मागची तारीख टाकून काही बनवू नका. आणि ऑफिसचे मेल स्वतःच्या जीमेलवर पाठवू नका, नाहीतर मूळ विषय राहील बाजूला आणि तुमच्यावरच कारवाई होईल.

अंधेरीच्या ऑफिसात माझंही असंच झालं होतं. 10 दिवसांचं टेस्टिंग 4 वर आलं, तेव्हा मी त्याच संध्याकाळी मेल टाकला होता: 'आज ठरल्याप्रमाणे टेस्टिंग 4 दिवस. रिफंडचा भाग तपासला जाणार नाही. चुकत असल्यास कळवा.' उत्तर आलं नाही (येतच नाही!). पुढे रिफंडच अडकले. पण जुन्या व्हर्जनवर परत जायची तयारी मी केली नव्हती, म्हणून दुरुस्तीला दोन दिवस गेले. माझ्या घटनाक्रमात ती चूक मीच पहिल्या ओळीत लिहिली. मग बाकीच्या ओळींवर कोणी वाद घातला नाही.

मीटिंगमध्ये 'त्याने केलं' म्हणू नका, 'अमुक तारखेला असं ठरलं' एवढंच वाचा.