मदत हवी आहे: लिननचं कापड शिवायला देण्याआधी किती आटवून घ्यावं?

मागच्या उन्हाळ्यात शुद्ध लिननची पँट शिवून घेतली. शिंप्याकडे देण्यापूर्वी कापड भिजवलं नव्हतं, ही चूक माझीच. पहिल्याच धुण्यात पायाची उंची ४० इंचांवरून जवळपास ३९ वर आली आणि आता घोटा दिसतो. दुसरं म्हणजे, आसनाच्या शिलाईपाशी आतून धागे सुटायला लागलेत. तिथे नुसतं इंटरलॉक मारलंय आणि दाबही जेमतेम पाव इंच सोडलाय. कापड विरळ विणीचं आहे, उजेडात धरलं की आरपार दिसतं.

यंदा शर्टाला अडीच मीटर आणि पँटला दीड मीटर कापड आणलंय. या वेळी विण जरा घट्ट बघून घेतलीय. शर्टाचं कापड रात्रभर साध्या पाण्यात भिजवून सावलीत वाळवलं, तर लांबीत साधारण ५ सेंटीमीटर आटलं, पन्ह्यात फरक जाणवला नाही. घरी मशीनमध्ये धुतो, ड्रायर नाही. चुरगळण्याबद्दल तक्रार नाही. कपडा दमट असतानाच इस्त्री केली की बसते, नंतर पडतात त्या सुरकुत्या चालतात. फक्त गुडघ्याला फुगा येतो तो नको. मिश्र कापड सुचवू नका, घेऊन झालंय.

एकदा आटलेलं लिनन दुसऱ्या-तिसऱ्या धुण्यात आणखी आटतं का, की आता बिनधास्त कापायला देऊ? आणि पँटच्या आसनाला शिंप्याला नेमकं काय सांगू: दाब जास्त ठेवून इंटरलॉक, की कडा आत दुमडून दुहेरी शिलाई?