'दोन दिवस चार्जर विसरा' म्हणे!

शब्दशिल्प: मोबाइलच्या जाहिरातीच्या मथळ्यात बॅटरी '७००० एमएएच' लिहिणारे आळशी. एमएएच किती जणांना कळतं? 'दोन दिवस चार्जर विसरा' लिहा. गिऱ्हाईक फायदा विकत घेतं, आकडा नाही. संपला विषय.

गल्ल्यामागून: तो आळशी मीच. म्हापशाला मोबाइलचं दुकान आहे. तुमचं हेच वाक्य मी गेल्या चवथीच्या ऑफरला फ्लेक्सवर मोठ्या अक्षरांत छापलं होतं. तिसऱ्या दिवशी सत्तरी तालुक्यातलं गिऱ्हाईक दारात. "पात्रांव, तुमचे दोन दिवस सांजेच्या सातालाच सोंपतात."

सेटिंगमध्ये जाऊन बॅटरीचा वापर बघितला. यादीत स्क्रीनच्याही वर मोबाइल नेटवर्क. फोनमध्ये दोन सिमं, त्यातल्या एकाला त्याच्या वाड्यावर रेंजच नाही. फोन दिवसभर टॉवर शोधत बसलेला. दुसऱ्या सिमाला टॉवर मिळायचा, पण लांबचा, म्हणजे तिथपर्यंत पोचायला फोनला जास्त जोर लावावा लागणार. पहिलं सिम बंद करून दिलं, तर फोन दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत टिकला. दोन दिवस तरीही नाहीतच. फोनात काही खोट नव्हती, खोट माझ्या मथळ्यात होती.

७००० वर कुणी भांडायला येत नाही, ते खोक्यावरच छापलेलं असतं. आणि शेजारी ५००० चे तीन फोन मांडले असले की एमएएच कशाशी खातात हे ठाऊक नसलेली म्हातारीसुद्धा बरोबर मोठा आकडा उचलते. ओळीतले सगळेच ७००० चे झाले, की मग तो आकडा मेला, हे मात्र कबूल.

पुरुमेंत: २००१ साली आयपॉड आला तेव्हा 'खिशात १००० गाणी' म्हटलं, '५ जीबी' नाही. फायदाच जिंकला! आणि बॅटरीचं गणित तर त्याहून सोपं: एमएएच दीडपट, दिवस दीडपट.

गल्ल्यामागून: १००० हा आकडाच आहे, भाऊ. शिवाय खाली बारीक अक्षरांत हिशेब होता: गाणं चार मिनिटांचं, १६० केबीपीएसचं. म्हणजे गाण्याला ४.८ एमबी, ५ जीबीत हजार सहज बसतात, मग तुम्ही पणजीत असा नाहीतर केरीत. 'दोन दिवस' मात्र वाड्यावाड्याला बदलतात. तुमचं दीडपटही खर्च तेवढाच राहिला तरच. उन्हात ब्राइटनेस पुरा चढवून मॅप लावला की कुठलं दीडपट?

वाळपईकर: त्या गिऱ्हाइकाच्या जागी मीही असू शकतो! बॅटरी काय खातं? रेंज! पावसात वीज गेली की थोड्या वेळाने टॉवरही झोपतो. मग आम्ही फोन हातात धरून माडाखाली उभे. आणि तुम्ही मथळ्यावर वाद घाला.

मोपा टॅक्सी: वाळपईकर, आमच्याकडेही तेच. पण मला सांगा, यातला कुठला फोन घेऊ? आत्ताचा मोठ्या बॅटरीचा आहे, रात्री दीडला घरी पोचतो, पाचला परत निघायचं. चार्जर हळू, भरायला चार तास. दोन दिवस नको, अर्ध्या तासात किती भरतो तेवढं लिहा.

शब्दशिल्प: मी जाहिरात लिहिण्याबद्दल बोलतोय, इथे वीज खात्याची सभा भरलीय! आणि दुकानदारसाहेब, एक गिऱ्हाईक परत आलं म्हणून फायद्याचा मथळा वाईट? खाली एक तारा टाकायचा, 'वापरानुसार बदलू शकते'. झालं.

गल्ल्यामागून: तारा वरचं वाक्य समजावून सांगायला असतो, परत घ्यायला नाही. जाहिरातींची संहिता ठरवणाऱ्या आस्कीचाही नियम तोच. वर 'विसरा' आणि खाली 'विसरू नका' असं चालत नाही.

फायदा लिहूच नका, असं मी कुठे म्हटलं? फ्लेक्स बदलून मी लिहिलं: 'सकाळी कदंब बसमध्ये मॅच बघा, रातच्या भजनाला बॅटरी शिल्लक.' त्याखाली ७०००. एक दिवसाचीच गोष्ट आहे, आणि आधी स्वतः दोन दिवस फोन तसाच वापरून बघितला. सात वाजता निघालो, दोन तास मॅच, दिवसभर कॉल, रात्री दहाला ३८ टक्के उरले. म्हापसा-पणजीच्या रेंजमध्ये, हेही सांगतो. सत्तरीत तेवढे उरले नसते, पण भजन निभावलं असतं.

शब्दशिल्प: म्हणजे शेवटी फायदाच वर लिहिलात ना? मग एवढं पुराण कशाला?

गल्ल्यामागून: वर लिहिला, पण निभवता येईल तेवढाच.

शब्दशिल्प: बरं, 'दोन दिवस' मागे घेतो. 'आळशी' घेत नाही.

पुरुमेंत: पण ऑनलाइन विकताना काय? तिथे लोक आकड्याने गाळणी लावूनच शोधतात, तिथे भजन कोण वाचणार?

वाळपईकर: गाळणी लावायला रेंज लागते.

मोपा टॅक्सी: माझ्या प्रश्नाला अजून कोणी उत्तर दिलं नाही.