p99 ला मराठीत काय म्हणावं?

खानापूरकरीण
बेळगावातल्या एका सोसायटीच्या पासबुक ॲपचा सर्व्हर मी बघते. संचालक मंडळाला मराठीत अर्ध्या पानाचा अहवाल द्यायचाय. डॅशबोर्डच्या स्क्रीनशॉटवर एवढं दिसतंय:

```
requests  1000
avg        178 ms
p50         96 ms
p95        140 ms
p99       4020 ms
```

चेअरमन avg म्हणजे सरासरीचा आकडा बघून म्हणाले, ‘पाव सेकंदसुद्धा लागत नाही, मग लोक ओरडतात कशाला?’ शेवटच्या ओळीला मराठीत काय लिहू?

शहापूरचे मास्तर
शतमक. अकरावीच्या अर्थशास्त्रात चतुर्थक, दशमक, शतमक असे ओळीनं येतात. p99 म्हणजे नव्व्याण्णवावं शतमक आणि p50 म्हणजे मध्यक. माझं ऐकाल तर सरासरी काढूनच टाका, मध्यक लिहा. दोन-चार मोठे आकडे आले की सरासरी वाहवत जाते, मध्यक जागचा हलत नाही.

टिळकवाडी
मास्तर, सरासरी फसवते हे खरं, पण इथं मध्यक त्याहून जास्त फसवेल. हजारातल्या ९८० मागण्या साधारण १०० मिलिसेकंदांत आणि २० मागण्या ४ सेकंदांत झाल्या असं धरा. पहिल्यांचे ९८,००० आणि दुसऱ्यांचे ८०,०००, मिळून १,७८,०००. हजारानं भागलं की सरासरी १७८. म्हणजे जवळजवळ निम्मा वेळ त्या वीस जणांनीच खाल्लाय. तरी सरासरी थोडी वर सरकली, मध्यकाला तर पत्ताच नाही. जागचा हलत नाही हा त्याचा गुणच इथं नडतो. आता हजार मागण्या वेळेच्या चढत्या क्रमानं उभ्या करा. ९५०वी म्हणजे p95, ती अजून जलद गटात आहे; ९९०वी म्हणजे p99, ती त्या विसांत. म्हणून p95 पर्यंत सगळं हिरवंगार.

निपाणीकर
पण ९९ म्हणजे चांगलंच की ओ! आमच्या मुलीला सीईटीला ९९ परसेंटाइल आले तेव्हा पेढे वाटले आम्ही.

टिळकवाडी
पेढ्यांचं अभिनंदन! तिथं गुणांची रांग असते, वर जाणारा खूश. इथं वाट बघण्याची रांग आहे, जितके वर तितके हाल. हा घोटाळा चेअरमनांचाही होणार, म्हणून नुसतं ‘परसेंटाइल’ लिहू नका.

चिकोडीकडचा शेतकरी
आमच्याकडं कारखान्यावर हेच चालतं. गाडीचा नंबर सरासरी पाच तासांत लागतो म्हणतात. गेल्या हंगामात माझा ट्रॅक्टर दीड दिवस उभा होता, ऊस वाळून वजन घटलं ते वेगळंच. सरासरीला काय जातंय? आम्ही त्याला ‘शेपटाला अडकणं’ म्हणतो.

खानापूरकरीण
‘शेपूट’ आवडलं. पण ४ सेकंद हे रोज वेगवेगळ्या माणसांच्या वाट्याला येतात का?

टिळकवाडी
ते या पाच ओळींतून कळायचं नाही. एकेक संथ मागणी काढून तिचा खाते क्रमांक बघा. आणि दोन सर्व्हर असतील तर त्यांच्या p99 ची सरासरी काढू नका, तिला काही अर्थ नसतो. सगळ्या मागण्या एकत्र करूनच शतमक काढायचं.

खानापूरकरीण
बघितलं. ती वीसच्या वीस जुन्या व्यापाऱ्यांची खाती निघाली. रोज भरणा करणारे, वर्षाला तीनशे नोंदी धरल्या तर दहा वर्षांत तीन हजार. ॲप पासबुक दाखवताना प्रत्येक नोंदीमागे डेटाबेसला वेगळी क्वेरी करतंय. एकेक क्वेरी सव्वा मिलिसेकंदाच्या आसपास, तीन हजार झाल्या की चार सेकंद आलेच. नव्या खात्यात चाळीस-पन्नास नोंदी, म्हणून तिथं कळतच नाही. आता सगळ्या नोंदी एकाच क्वेरीत आणते आणि पहिल्या पानावर शेवटच्या पन्नासच दाखवते.

टिळकवाडी
मग अहवालात ‘शंभरात दोघांना’ असंही लिहू नका. त्याच जुन्या लोकांना दर वेळी त्रास होतोय, बाकीच्यांना कधीच नाही.

शहापूरचे मास्तर
मध्यकाचं मागे घेतो. एक मात्र सांगतो, ‘सरासरी’ मूळ फारसी. ‘सरासर’ म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत. कन्नडातही सरासरीच म्हणतात, तेव्हा मंडळातल्या कन्नड सभासदांनाही तो शब्द लगेच कळेल. पण ‘शेपूट’ अहवालात बरं दिसत नाही. ‘शतमक’च ठेवा.

खानापूरकरीण
शतमक वाचून चेअरमन मलाच फोन करतील, मास्तर. सध्या असं लिहिलंय: ‘हजारातली ९९०वी मागणी पूर्ण व्हायला ४ सेकंद लागले, संथ मागण्या दहा वर्षं जुन्या खात्यांच्या आहेत.’

निपाणीकर
हे मला पण कळलं बघा. पण यात p99 ला शब्द कुठाय?