लिफ्टच्या देखभालीचा करार संपवताना सोसायटीचे पत्र पुरते की वकिलाचीच नोटीस लागते?

सचिव, कोथरूड : आमच्या सोसायटीने लिफ्टच्या देखभालीचा वार्षिक करार 1 एप्रिलपासून केला असून वर्षाचे 1,20,000 रुपये आगाऊ दिले आहेत. तंत्रज्ञ वेळेवर येत नाहीत. एका कलमानुसार कोणत्याही पक्षाला कारण न देता 60 दिवसांच्या लेखी सूचनेने करार संपवता येतो. दुसऱ्या कलमानुसार कामात कसूर झाल्यास आधी 15 दिवसांची सुधारणेची मुदत द्यावी लागते आणि त्यानंतरच करार रद्द करता येतो. समितीत दोन मते पडली आहेत. आपण काय सुचवाल?

सभासद, बाणेर : थेट वकिलाची नोटीस पाठवा. सोसायटीच्या पत्राला कंपन्या दाद देत नाहीत आणि न्यायालयात शेवटी वकिलाची नोटीसच ग्राह्य धरली जाते. शिवाय तिला उत्तर आले नाही, तर त्यातील मजकूर त्यांना मान्य आहे असाच अर्थ होतो.

निवृत्त विधी अधिकारी, सदाशिव पेठ : कंपन्या पत्रांकडे दुर्लक्ष करतात, हा आपला अनुभव मी नाकारत नाही. मात्र करारात तशी अट नसेल, तर करार संपवण्याची सूचना वकिलानेच द्यावी असे भारतीय करार कायद्यात, म्हणजे 1872 च्या कायद्यात, कुठेही म्हटलेले नाही. उत्तर न देणे समोरच्याच्या विरुद्ध जाऊ शकते, पण ती आपोआप कबुली ठरत नाही, आणि हा नियम साध्या पत्रालाही तितकाच लागू आहे.

सचिवांनी आधी कोणत्या कलमाखाली बाहेर पडायचे ते ठरवावे. 60 दिवसांचे कलम वापरायचे असेल, तर समितीचा ठराव करून अधिकृत पदाधिकाऱ्याच्या सहीचे चार ओळींचे पत्र पुरते. त्यात कलमाचा क्रमांक, कराराची तारीख आणि शेवटचा दिवस लिहावा, तक्रारींची जंत्री लिहू नये. पत्र करारात दिलेल्या पत्त्यावरच पाठवावे, कारण स्थानिक पर्यवेक्षकाच्या हाती दिलेले पत्र कंपनीला मिळालेच नाही, हा बचाव नेहमीचा आहे. जुन्या करारांत रजिस्टर पोस्टाचा उल्लेख असतो. ती सेवा 2025 मध्ये स्पीड पोस्टात विलीन झाल्यामुळे आता पोचपावतीसह स्पीड पोस्ट करावे आणि करारात ईमेल मान्य असेल, तर तोही त्याच दिवशी पाठवावा.

दिवस बहुधा पत्र मिळाल्यापासून मोजले जातात, तरी करारातील शब्द तपासावेत. समजा पत्र 12 जूनला पोचले, तर तो दिवस वगळून साठावा दिवस 11 ऑगस्टला येतो. महिना 10,000 रुपये धरल्यास उरलेल्या काळाचे सुमारे 76,000 रुपये परत मिळायला हवेत, अर्थात आगाऊ रक्कम परत न करण्याची अट करारात नसेल तर.

घरमालक, सिंहगड रस्ता : माझ्या भाडेकरूला मी वकिलाची नोटीस दिली आणि तो महिन्याभरात निघून गेला. त्यामुळे नोटिशीचा उपयोग होतो, असे मी ठामपणे सांगू शकतो.

निवृत्त विधी अधिकारी, सदाशिव पेठ : आपल्या प्रकरणात समोरच्याला जागेतून बाहेर काढायचे होते, इथे सोसायटीला स्वतः बाहेर पडायचे आहे. त्यामुळे तो दाखला इथे लागू होणार नाही.

सभासद, बाणेर : पण कामात कसूर झाली असताना कारण न देता निघणे म्हणजे त्यांना मोकळे सोडणे नव्हे का? उद्या नुकसानभरपाई मागितली, तर तुम्ही तक्रार न करता करार संपवलात, असे ते म्हणतील.

निवृत्त विधी अधिकारी, सदाशिव पेठ : हा आक्षेप रास्त आहे, म्हणूनच पत्रात “आजवरच्या कसुरीबाबतचे सोसायटीचे हक्क राखून” हे शब्द असावेत. कसुरीच्याच आधारावर करार रद्द करायचा असेल, तर मात्र वकील आधी गाठावा, आणि तोही सुधारणेच्या मुदतीचे पत्र लिहिण्याआधी. त्या पत्रात तंत्रज्ञ कोणत्या तारखांना आला नाही आणि लिफ्ट किती तास बंद होती, हे लिफ्टच्या नोंदवहीवरून लिहावे लागते. ही मुदत न देता सरळ रद्द केल्याची नोटीस गेली, तर करार सोसायटीनेच मोडला असे कंपनी म्हणेल आणि उरलेल्या वर्षाचे पैसे मागेल. वकिलाच्या लेटरहेडमुळे ही उणीव भरून निघत नाही.

सचिव, कोथरूड : आमच्या नोंदवहीत तक्रारींच्या तारखा आहेत, पण तंत्रज्ञाच्या सह्या निम्म्याच ठिकाणी आहेत.

निवृत्त विधी अधिकारी, सदाशिव पेठ : मग 60 दिवसांचा मार्ग घ्यावा. 11 ऑगस्टनंतर पैसे परत मागणारे पत्र द्यावे आणि त्यातील मुदत उलटल्यावरच वकिलाची नोटीस पाठवावी. करारात लवादाचे कलम असेल, तर ती नोटीस त्या कलमाला धरूनच लिहावी लागेल.

सभासद, बाणेर : करार संपवण्याचे पत्र सोसायटीने द्यावे, हे मला पटले. पैशांच्या बाबतीत मात्र मी सहमत नाही. करार चालू असेपर्यंत कंपनीला नूतनीकरणाची आशा असते, म्हणून परताव्याची वकिली मागणी त्या 60 दिवसांतच जायला हवी, असे माझे मत कायम आहे.