‘हॅव सेंट’ आणि ‘येस्टरडे’ यांचं का जमत नाही?

पानगळ: एका इंग्रजी पत्रात मी लिहिलं होतं, ‘आय हॅव सेंट यू द फाइल येस्टरडे.’ वरिष्ठांनी ‘हॅव’वर काट मारली आणि नुसतं ‘सेंट’ ठेवलं. कारण विचारलं तर म्हणाले, ‘येस्टरडे’ आलं की ‘हॅव’ जात नाही. पण त्याच पत्रात खाली ‘आय हॅव स्पोकन टू देम धिस मॉर्निंग’ होतं, त्याला त्यांनी हातसुद्धा लावला नाही. बोलणं तर दोन तासांपूर्वीच आटपलं होतं. मग कालच्या कामाला ‘हॅव’ नको आणि सकाळच्या कामाला चालतं, असं का?

रेघोटी: सोपं आहे. नुकतंच झालेलं असेल तर ‘हॅव’ लावायचं, जुनं झालं असेल तर साधा भूतकाळ. सकाळ जवळची, काल लांबचा. शाळेत आम्हाला असंच शिकवलं होतं आणि माझं तरी कधी अडलं नाही.

अनुवादिका: रेघोटी, हा नियम निम्म्या ठिकाणी बरोबर उत्तर देतो, म्हणूनच तो फसवा आहे. ‘द बस लेफ्ट टू मिनिट्स अगो’ हे वाक्य घ्या. दोनच मिनिटं झालीत, याहून नुकतं काय असणार? तरी तिथे ‘हॅज लेफ्ट’ चालत नाही, कारण ‘अगो’ आहे. उलट ‘पीपल हॅव लिव्ड हिअर फॉर थाउजंड्स ऑफ इयर्स’ यात हजारो वर्षांची गोष्ट आहे आणि ‘हॅव’ लागतंच. तेव्हा अंतर मोजू नका. वाक्यात ज्या वेळेचं नाव घेतलंय ती वेळ संपली की अजून चालू आहे, एवढंच पाहा.

‘येस्टरडे’ रात्री बारा वाजता संपला. ‘धिस मॉर्निंग’चं बोलणार्‍याच्या घड्याळावर अवलंबून असतं. पानगळ, तुम्ही पत्र किती वाजता लिहिलंत?

पानगळ: साडेदहाला. संध्याकाळी पाचला तेच वाक्य उचलून दुसर्‍या पत्रात टाकलं.

अनुवादिका: मग वाक्य एकच असलं तरी निकाल दोन. साडेदहाला सकाळ चालू होती, त्यामुळे ‘हॅव स्पोकन’ ठीक. पाच वाजता सकाळ होऊन गेलेली, म्हणून तिथे ‘आय स्पोक टू देम धिस मॉर्निंग’ हवं होतं. क्रिया तीच, माणसं तीच, बदलली ती फक्त लिहिण्याची वेळ. ‘टुडे’ घातलं असतंत तर पाचलाही ‘हॅव’ चाललं असतं, कारण दिवस मावळायचा होता. एक सांगते, साडेदहालाही ‘स्पोक’ लिहिणं चूक नव्हतं. चालू वेळेत दोन्ही रूपं बसतात, संपलेल्या वेळेत एकच.

आणि ‘येस्टरडे’ शब्दाशी ‘हॅव’चं वैर नाही. ‘आय हॅव बीन इल सिन्स येस्टरडे’ अगदी शुद्ध आहे. ‘सिन्स’मुळे वेळ कालपासून निघून आत्तापर्यंत येते. नुसता ‘येस्टरडे’ मात्र मागेच थांबतो.

खडूफळा: म्हणूनच मी या भानगडीत पडत नाही, सरळ ‘हॅड’ लावतो. ‘आय हॅड सेंट यू द फाइल येस्टरडे.’ मागची गोष्ट असल्यामुळे बरोबरच असणार.

अनुवादिका: खडूफळा, विचारलं होतं ‘हॅव’बद्दल, पण तुमचं वाक्य आपल्याकडचे कितीतरी लोक लिहितात आणि ते थेट मराठीतून आलेलं आहे. ‘फाइल काल पाठवली होती.’ मराठीत या ‘होती’ला दुसर्‍या कुठल्या घटनेचा आधार लागत नाही, आणि ‘मिळाली नाही का?’ असा सूरही तिच्यातून आपोआप येतो. इंग्रजी ‘हॅड’ला आधार लागतो. भूतकाळातली दुसरी एखादी घटना असावी आणि ही तिच्याही आधीची असावी. ‘शी कॉल्ड मी ऑन मंडे, बट आय हॅड सेंट द फाइल ऑन संडे.’ इथे फोन आधार झाला. एकट्या वाक्यात ‘हॅड’ टाकलंत तर वाचणारा पुढच्या घटनेची वाट बघत बसतो.

तुमच्या वाक्यातून एक छान गोष्ट मात्र दिसते. ‘हॅड सेंट ऑन संडे’ चाललं, ‘ही मस्ट हॅव लेफ्ट येस्टरडे’ हेही बिनचूक आहे. म्हणजे अडचण सगळ्याच ‘हॅव’ची नाही. वर्तमानकाळातलं ‘हॅव’ किंवा ‘हॅज’ असेल तरच संपलेल्या वेळेशी जमत नाही. ‘हॅव’ म्हणतं मी आत्ताचं बोलतोय, ‘येस्टरडे’ म्हणतो मी कालचं, आणि एकाच वाक्यात दोघं दोन दिशांना ओढतात.

पानगळ: पण ‘पाहुणे काल आले आहेत’ हे आपण रोज म्हणतो. तिथे ‘काल’ आणि ‘आहेत’ सुखाने नांदतात!

अनुवादिका: चूक नेमकी तिथूनच येते. मराठीतला ‘आहे’ निष्पत्ती दाखवतो, म्हणजे पाहुणे आले आणि आता घरात आहेत. ‘काल’ फक्त कधी आले ते सांगतो, आणि ‘आहे’ची त्याला हरकत नाही. इंग्रजीत ही दोन कामं दोन वाक्यांत करावी लागतात. ‘द गेस्ट्स हॅव अराइव्ह्ड. दे केम येस्टरडे.’ बातम्या नीट वाचा, हाच क्रम दिसेल. पहिल्या वाक्यात वेळ न सांगता ‘हॅज रिझाइन्ड’, आणि पुढे कधी, कुठे, कोणाला पत्र दिलं हे सगळं साध्या भूतकाळात.

दूरदेशी: मी जर्मन शिकलो आहे, तिथेही आपल्यासारखंच. ‘इश हाबे इन गेस्टर्न गेझेएन’, शब्दशः ‘मी त्याला काल पाहिलं आहे’, आणि कोणाला खटकत नाही. फ्रेंचमध्येही बोलताना तसंच. वेगळेपणा इंग्रजीचा आहे, आपला नाही. माझी अडचण निराळी आहे. अमेरिकन सहकारी सर्रास ‘डिड यू ईट येट?’ आणि ‘आय जस्ट एट’ म्हणतात. आम्हाला ‘येट’ आणि ‘जस्ट’ला ‘हॅव’ हवंच असं शिकवलं होतं.

अनुवादिका: ब्रिटिश वळणात ‘हॅव यू ईटन येट?’ हेच पक्कं. अमेरिकन बोलण्यात ‘जस्ट’, ‘येट’, ‘ऑलरेडी’ यांना साधा भूतकाळही चालतो, त्यामुळे तुमच्या सहकार्‍यांना चूक म्हणता येणार नाही. मात्र ही सवलत एकाच दिशेची. ‘हॅव ईटन येस्टरडे’ तिकडेही खटकतं.

रेघोटी: माझा जवळ-लांबचा नियम गेला, मान्य. पण ‘रीसेंटली’चं काय? ‘आय हॅव रीसेंटली मूव्ह्ड’ आणि ‘आय रीसेंटली मूव्ह्ड’ मी दोन्ही वाचलेत. ही वेळ संपलेली धरायची की चालू?

अनुवादिका: दोन्ही चालतात. ‘रीसेंटली’ कुठल्याच घड्याळावर बोट ठेवत नाही, म्हणून निवड बोलणार्‍याची. मी हस्तलिखित तपासताना पुढचं वाक्य बघते. नव्या घराबद्दल असेल तर ‘हॅव’ राहू देते, सामान कसं हलवलं ते असेल तर काढते. दुसरा संपादक दोन्ही तसेच ठेवील.

दूरदेशी: आणखी एक. ‘यस, आय हॅव सीन इट… लास्ट वीक’ असं मी इंग्रजांच्या तोंडून ऐकलंय. चुकतात का ते?

अनुवादिका: मधल्या थांब्यामुळे चालून जात असावं. आधी वाक्य पुरं झालं, मग आठवून वेळ जोडली. कागदावर मात्र मी ते खोडेन.

दूरदेशी: मला नाही पटत. मी ऐकलं तेव्हा थांबा जाणवण्याइतका नव्हता.

पानगळ: दोन्ही पत्रं पुन्हा काढली. पाच वाजताच्या पत्रात आता ‘स्पोक’ केलं. अजून एक वाक्य सापडलं, ‘वी हॅव मेट देम इन मार्च.’ आता एप्रिल चालू आहे, म्हणजे ‘मेट’च ना?

अनुवादिका: ‘मेट’च. मार्च चालू असताना मात्र ‘इन मार्च’ऐवजी ‘धिस मंथ’ लिहून ‘हॅव मेट’ ठेवता आलं असतं.