मदत हवी आहे: घरच्या चित्रकला वर्गात लहान-मोठी मुले एकत्र आहेत, वर्ग आवरत नाही आणि फीही पुरत नाही

रंगरेषा
जूनपासून मी घरी शनिवारी चित्रकला आणि हस्तकलेचा वर्ग घेते. अकरा मुले येतात. लहान मुले पंधरा मिनिटांत "झालं" म्हणून उठतात आणि मोठ्यांच्या कागदावर रंग सांडतात. मोठी मुले कंटाळून गप्पा मारत बसतात. महिन्याच्या शेवटी हाती फारसे काही उरत नाही. पुढचा वर्ग चार दिवसांवर आहे, म्हणून कृपया लवकर सुचवा.

सातारकर
लहान म्हणजे किती लहान, वर्ग किती तासांचा, फी किती आणि त्यात साहित्य धरले आहे का, हे कळल्याशिवाय काय सांगणार?

कोथरूडची आजी
माझ्या नातवाच्या शिक्षिका एलिमेंटरी परीक्षेची तयारी करून घेतात. आपणही तेच सुरू करावे, म्हणजे पालक फीबद्दल घासाघीस करणार नाहीत.

रंगरेषा
आजी, माझ्याकडे परीक्षेच्या वयाचा एकच मुलगा आहे. सातारकर, सात मुले पाच ते सात वर्षांची आहेत आणि चार मुले नऊ ते बारा वर्षांची. वर्ग दोन तासांचा असतो. सर्वांना महिन्याला ५०० रुपये फी आहे आणि साहित्य त्यातच येते. जुलैत शाडू माती आणि पोस्टर रंगांवर २३०० रुपये गेले.

मृण्मयी
चौदा वर्षे मी हेच काम करते आहे. आपली अडचण शिस्तीची नाही. पाच वर्षांच्या मुलाचे लक्ष एका कामावर वीस मिनिटांच्या पुढे क्वचितच टिकते, मग दोन तास ते करणार तरी काय? लहानांना शनिवारी एक तास आणि मोठ्यांना रविवारी दोन तास, अशा दोन तुकड्या करा. विषय मात्र एकच ठेवा, म्हणजे तयारी दुप्पट होणार नाही.

भेंडीच्या ठशांचेच पाहा. भेंडी अर्धा तास आधी आडवी कापून कापलेली बाजू वर्तमानपत्रावर ठेवावी, कारण ओल्या भेंडीचा ठसा पसरतो आणि आतल्या कप्प्यांची नक्षी बुजते. रंग ताटलीत ओतू नका. ओला करून घट्ट पिळलेल्या स्पंजच्या तुकड्यावर तो पसरा आणि त्यावर भेंडी टेकवायला सांगा. लहान मुले मोकळ्या कागदावर ठसे उठवतील. वीस मिनिटांत ते संपले की त्याच ठशांना बोटाने देठ आणि पाने काढायची, म्हणजे फुले होतात आणि उरलेला वेळही कामी येतो. मोठ्यांना दहा सेंटिमीटरचा चौरस आखून त्याचे सोळा सारखे चौकोन करायला लावा. अर्ध्या भेंडीचा ठसा प्रत्येक चौकोनात पाव वळण फिरवून उठवला की पुनरावृत्तीची नक्षी तयार होते, आणि कोणाचा हात कुठे चुकला ते त्याचे त्यालाच दिसते.

सातारकर
एकच तुकडी ठेवून लहानांना रंगवायला छापील चित्रे दिली तरी भागेल. माझी मुलगी त्यात तासभर रमते.

मृण्मयी
रमतात हे खरे, आणि शेवटच्या दहा मिनिटांसाठी मीही ती जवळ ठेवते. पण संपूर्ण वर्ग त्यावर काढला, तर हे घरीही होते असे पालकांना वाटते आणि दुसऱ्या महिन्यात मूल येत नाही.

आता फीचे पाहू. आज जमा होतात ५५०० आणि साहित्य वजा जाता उरतात ३२००. वर्गाचे दोन आणि तयारी-आवराआवरीचे दोन, असे आठवड्याचे चार तास धरले तर महिन्याचे सोळा तास होतात, म्हणजे तासाला २०० रुपये. लहानांना ५०० आणि मोठ्यांना ८०० फी ठेवल्यास ६७०० जमतील. साहित्याचे तीन महिन्यांचे ४५० रुपये प्रत्येकाकडून वेगळे आणि आगाऊ घ्या. जुलैसारखी मातीची खरेदी मात्र त्यात बसणार नाही, तिचे पैसे आधी कळवून मागावे लागतील. आठवड्याचे पाच तास झाले तरी तासाला ३३५ पडतात. एक मोठा मुलगा गळला तर हा आकडा २९५ वर येतो, तेवढी तयारी मनात असू द्या.

रंगरेषा
पालक गैरहजेरीचे पैसे कापून देतात. गेल्या महिन्यात तिघांनी कापले. त्याचे काय करावे?

सातारकर
वर्ग झालाच नाही, तर पैसे कशाचे घ्यायचे? पालक म्हणून मीही कापूनच देईन.

मृण्मयी
वर्ग झालेला असतो, आपले मूल आलेले नसते. ताई त्या दिवशीही साहित्य मांडून बसलेल्या असतात. मी तीन महिन्यांतून एक बुडालेला वर्ग दुसऱ्या तुकडीत भरून देते, पैसे परत करत नाही, आणि हे प्रवेशाच्या वेळीच लिहून देते. महिना संपल्यावर सांगितले की वाद होतो.

कोथरूडची आजी
पण लहान मूल मोठ्यांच्या तुकडीत आले, तर पुन्हा तोच गोंधळ होईल ना?

मृण्मयी
आजी, ते खरे आहे. एका वेळी एकच मूल असेल तर निभावते, दोघे आले की मलाही जड जाते.

रंगरेषा
दोन तुकड्यांचे आजच पालकांना कळवते. दोन बहिणी एकेका तुकडीत जातील आणि त्यांची आई दोन्ही दिवस येणे जमत नाही म्हणते. त्यांना फीमध्ये सवलत द्यावी, की धाकटीला रविवारीच बसवावे?