मुदतवाढ मागताना खरं कारण लिहायचं की 'तांत्रिक अडचण'?

टंकनवाला:
एका पतसंस्थेची जुनी सभासद यादी युनिकोडमध्ये करून द्यायचं काम घेतलंय. ६,२०० सभासद, ५ सप्टेंबरला द्यायचं ठरलं होतं. अंदाज देताना मी त्यांनी पाठवलेली दीडशे नावांची एकच फाइल बघितली, ती एकदम स्वच्छ निघाली. आता जुन्या फाइली उघडल्या तर फॉन्टच वेगळा, आणि काहींत दोन फॉन्ट मिसळलेले. १५ तारखेपर्यंत मुदत हवी आहे. भागीदार म्हणतो, 'तांत्रिक अडचण' लिही आणि सोड. मला ते पटत नाही. करारात उशीर झाला तर आठवड्याला एक टक्का कपात आहे. काय लिहू?

रोखठोक:
भागीदाराचं ऐका. सचिवाला तुमचं पत्र संचालक मंडळापुढे ठेवावं लागणार. 'आम्ही एकच फाइल बघितली' असं त्यात असलं की कोणीतरी उठून विचारणारच, असल्या माणसाला काम दिलंच कसं? तुमच्या प्रामाणिकपणापायी तो बिचारा अडकतो. आणि लेखी कबुली म्हणजे कपातीला आयतं निमित्त.

गावठाण:
नेटवर फुकट कन्व्हर्टर मिळतात की. फाइल टाकली की पाच मिनिटांत युनिकोड. मुदत कशाला हवी?

टंकनवाला:
@गावठाण, कन्व्हर्टरला आधी कुठला फॉन्ट आहे ते सांगावं लागतं. या जुन्या फॉन्टांत मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागेवर बसवलेली असतात, आणि प्रत्येक फॉन्टची मांडणी निराळी. शिवाय पहिली वेलांटी अक्षराआधी टाइप केलेली असते आणि रफार अक्षरानंतर. युनिकोडमध्ये दोन्ही नेमकं उलट. एका फॉन्टचा तक्ता दुसऱ्या फॉन्टच्या मजकुराला लावला की नावांचा चिवडा होतो.

सहकारी:
मी पतसंस्थांचं लेखापरीक्षण बरीच वर्षं केलंय, म्हणून पत्राआधी एक प्रश्न. त्यांना यादी कशासाठी हवी आहे, हे विचारलंत का? सप्टेंबर म्हटल्यावर वार्षिक सर्वसाधारण सभा असणार. आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरच्या आत, ती घ्यावीच लागते. सभेची तारीख आणि सूचना किती दिवस आधी द्यायची, हे दोन्ही आजच फोन करून विचारा.

टंकनवाला:
विचारलं. सभा २८ तारखेला आहे. त्यांच्या उपविधीत सूचनेला पूर्ण चौदा दिवस लागतात, आणि सूचनांवर नाव-पत्ते याच यादीतून छापायचे आहेत.

सहकारी:
मग तुमची १५ तारीख कागदावरच निकालात निघाली. पूर्ण चौदा दिवस म्हणजे सूचनेचा आणि सभेचा दिवस सोडून. १४ ते २७ हे चौदा दिवस झाले, म्हणजे सूचना उशिरात उशिरा १३ ला गेली पाहिजे. छपाई, घड्या, पत्त्याच्या चिठ्ठ्या, टपाल धरा तर यादी ९ ला हातात हवी. 'तांत्रिक अडचण, १५ पर्यंत द्या' असं लिहून मोकळे झाला असतात तर सचिवाने मान डोलावली असती आणि १० तारखेला तुम्हाला शिव्या घातल्या असत्या.

कारण स्पष्ट लिहायचं ते एवढ्यासाठी. कारण कळलं की कुठली नावं बिघडलेली असतील, हेही त्यांना कळतं. नवे सभासद ठीक, जुन्या फाइलीतले संशयास्पद. 'तांत्रिक अडचण' म्हटलं की सगळीच यादी संशयात जाते, आणि पुढची तारीख तरी खरी कशी मानायची, हा प्रश्न उरतोच.

करारपंडित:
भारतीय करार कायदा १८७२, कलम ५५. वेळेत काम दिलं नाही तर समोरचा करारच रद्द करू शकतो. कबुली लिहून दिलीत की संपलं. एक शब्द लिहू नका.

सहकारी:
कलम बरोबर, पण अर्धंच सांगितलंत. रद्द करण्याचा हक्क 'वेळ हेच कराराचं सार' असेल तेव्हाच मिळतो. उशिरासाठी दर आठवड्याची कपात करारातच लिहिली असेल, तर उशीर दोघांनी गृहीत धरला होता असंच सहसा मानलं जातं. १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्र सरकार आणि एका बांधकाम कंत्राटदाराच्या वादात हेच म्हटलं होतं. राहिली कपात. ती उशिरावर लागते, कबुलीवर नाही. उशीर ग्राहकामुळे झाला असता तर ती टळली असती, पण इथे तसं नाही.

खडीकाम:
रस्त्याच्या कामात आम्ही अडथळा नोंदवही ठेवतो. पाऊस, खात्याने जागा न देणं, सगळं त्या त्या दिवशी लिहायचं आणि सही घ्यायची. मुदतवाढ मागताना ती वहीच बोलते. वहीत नसलेला अडथळा नंतर आठवला तर कार्यकारी अभियंता तोंडावर हसतो. एकदा आमचं रोलर बंद पडलं होतं, ते मी पावसाच्या खात्यावर टाकायला गेलो. हवामान खात्याचे आकडे समोर ठेवले त्यांनी. त्यापुढे माझा खराखुरा पाऊससुद्धा कोणी मानेना.

रोखठोक:
पण नमुना त्यांनीच निवडला होता ना? मग निम्मा दोष त्यांचा. तेवढं तरी लिहा.

सहकारी:
लिहा, पण दोष म्हणून नको. 'जुन्या फाइली आम्ही मागितल्या नाहीत' हे खरं आहे. 'आपण फक्त नव्या पाठवल्या' हेही खरंच, पण ते वाचल्या वाचल्या सचिव आपली बाजू शोधायला लागतो आणि तारीख बाजूला पडते. पत्र असं करा:

'५ सप्टेंबरला पूर्ण यादी देता येणार नाही. अंदाज देताना आम्ही एकच फाइल तपासली आणि जुन्या फाइली मागून घेतल्या नाहीत. त्या दुसऱ्या फॉन्टात आहेत, काहींत दोन फॉन्ट आहेत, त्यामुळे ती नावं हाताने तपासावी लागत आहेत. सूचनेसाठी लागणारी नावं व पत्ते ९ तारखेला देतो. भाग व ठेवींचे तपशील १८ ला. जुन्या फाइलींतल्या नावांची वेगळी यादी सोबत देऊ, ती आपल्या कार्यालयाने एकदा नजरेखालून घालावी. करारातील कपात आम्हाला मान्य आहे.'

मीनल:
शेवटचं वाक्य काढा. कपात त्यांनी मागितली तर द्या, आपण होऊन ताट पुढे कशाला करायचं? बाकी पत्र चांगलं. मात्र ९ ला खरंच जमेल ना? दुसऱ्यांदा मुदत मागायची वेळ आली तर हे पत्र उलटेल.

टंकनवाला:
नाव-पत्ते जमतील. सुटी वेलांटी शब्दाच्या सुरुवातीला राहिली की टिंबांचं वर्तुळ दिसतं, ते शोधून काढता येतं. भीती आहे ती 'मोरे'चं 'मारे' झालं तर. ते कुठलाच शोध पकडत नाही, म्हणून त्यांच्या माणसाची नजर हवीच.

सहकारी:
@मीनल, कपातीबद्दल तुमचं म्हणणं चूक नाही. मी ते वाक्य ठेवेन, कारण मंडळात पहिला प्रश्न तोच येतो आणि सचिवाकडे उत्तर तयार राहतं. पण पैसे तुमचे नाहीत, माझेही नाहीत.

रोखठोक:
मला अजूनही वाटतं, एवढं उघडं लिहिणं नव्या ग्राहकाशी चालत नाही. जुना असता तर गोष्ट वेगळी.

टंकनवाला:
पत्र काल गेलं, कपातीचं वाक्य ठेवून. भागीदार रुसलाय. सचिवांचा फोन आला, कपातीबद्दल चकार शब्द नाही. त्यांनी एवढंच विचारलं, जुन्या फाइलीत मयत सभासद किती आहेत, सूचना वारसांच्या नावे काढायच्या का? आता हे कोणी ठरवायचं, मी की ते?